‘पाय कापायचा नाही’ म्हटल्यानंतर

पत्र

मी शस्त्रक्रिया विभागात दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. माझ्याकडे ६३ वर्षांचे एक गृहस्थ दाखल आहेत. मधुमेह १८ वर्षांपासूनचा. उजव्या पायाची तीन बोटं काळी पडली आहेत आणि जंतुसंसर्ग तळव्यात उतरला आहे. गुडघ्याखालून पाय काढावा, तोही एक-दोन दिवसांत, असा युनिटचा सल्ला आहे. ते इंजेक्शनं घेतात, ड्रेसिंग करू देतात, पण ‘पाय कापायचा नाही, मेलो तरी चालेल’ याच्यापुढे बोलत नाहीत. काल रात्री थोडे असंबद्ध बोलत होते, सकाळी ठीक वाटले. मुलगा म्हणतो, ‘तुम्ही भूल द्या, सही मी करतो.’ सर म्हणतात, ‘नकारावर सही घे आणि डिस्चार्ज कर.’ मला दोन्ही पटत नाही, पण मग करायचं काय, तेही कळत नाही.

उत्तर

नमस्कार डॉक्टर,

मुलाच्या सहीचा प्रश्न आधी मिटवू, तो त्यातल्या त्यात सोपा आहे. शुद्धीवर असलेल्या आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरावर शस्त्रक्रिया करायला त्याच्या वतीने दुसरं कोणी परवानगी देऊ शकत नाही. मुलगा कितीही जिव्हाळ्याने सांगत असला तरी नाही. त्या सहीवर तुम्ही भूल दिलीत तर वडिलांच्या नकाराविरुद्ध त्यांचा पाय काढलात, एवढाच त्याचा अर्थ उरेल.

सरांचा मार्ग वरवर सुरक्षित दिसतो, म्हणून त्याच्याकडे जास्त नीट बघायला हवं. नकाराच्या फॉर्मवर सही आली की आपण सुटलो, असा बऱ्याच वॉर्डांत समज असतो. १९८० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर ट्रूमन विरुद्ध थॉमस हा खटला आला होता. एका डॉक्टरांनी रुग्ण स्त्रीला गर्भाशयमुखाची पॅप तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं, तिने ती करून घेतली नाही, आणि पुढे वयाच्या तिसाव्या वर्षी ती त्याच कर्करोगाने गेली. डॉक्टरांचं म्हणणं असं की मी सल्ला दिला होता, तिनेच ऐकलं नाही. न्यायालयाने विचारलं ते वेगळंच: तपासणी केली नाही तर काय होऊ शकतं, हे तिला सांगितलं होतं का? संमती जशी माहितीवर उभी असते तसा नकारही माहितीवर उभा असावा लागतो, हे तेव्हापासून अनेक ठिकाणी मान्य झालं आहे. तुमच्या रुग्णाने आत्ता सही केली तर तो कागद ‘मी नाही म्हणालो’ एवढंच सांगेल. काय कळून नाही म्हणाले, हे त्यातून कळणार नाही.

आता रात्रीच्या असंबद्ध बोलण्याकडे येऊ. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, पण सगळ्यात आधी सोडवायची गोष्ट तीच आहे. संसर्ग रक्तात पसरत असेल, साखर फार वर किंवा खाली गेली असेल, मूत्रपिंडं थकली असतील, किंवा वेदनेसाठी दिलेल्या अफूवर्गीय औषधाची मात्रा चढली असेल, तर माणूस भ्रमावस्थेत जातो. या भ्रमाचं वैशिष्ट्य म्हणजे तो खाली-वर होतो. सकाळच्या राऊंडला तोच रुग्ण नाव, गाव, वार सगळं बिनचूक सांगतो आणि आपण ‘ओरिएंटेड’ असं लिहून पुढच्या खाटेकडे जातो. भ्रमात आधी ढासळतं ते लक्ष. म्हणून नाव-गाव विचारण्यापेक्षा वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. जुलैपर्यंत नीट आले तर बरं. मध्येच अडकले, विषय सुटला, पुन्हा पुन्हा डिसेंबरवर येऊ लागले, तर त्यांचा आत्ताचा ‘नाही’ पक्का धरता येत नाही. तसाच आत्ताचा ‘हो’सुद्धा धरता येणार नाही, हेही लक्षात असू द्या. रुग्ण आपल्या मनासारखं बोलला की त्याची निर्णयक्षमता तपासायचं कुणाला सुचत नाही, ही आपल्या व्यवसायातली जुनी खोड आहे.

क्षमता कमी दिसली तर आधी ती सुधारण्याजोगी आहे का ते बघा. साखर, ताप, ऑक्सिजन, क्रिएटिनिन, औषधांचा तक्ता. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ आहे का, तेही बघा. हे हास्यास्पद वाटेल, पण ऐकू न येणारा माणूस गोंधळलेला आहे असं समजून चालणारे डॉक्टर कमी नाहीत. मग दिवसातल्या त्यांच्या सगळ्यात चांगल्या वेळी, गर्दी नसताना, खुर्ची ओढून बसा. पहिलं बोलणं मुलाच्या गैरहजेरीत झालं तर उत्तम. काही तासांनी तोच विषय पुन्हा काढा. दोन्ही वेळी उत्तर तेच आणि कारणही तेच आलं, तर त्या नकाराला वजन आहे.

निर्णयक्षमता म्हणजे नेमकं काय बघायचं? माहिती समजते का, ती स्वतःला लागू आहे हे पटतं का, पर्याय तोलून त्यातून काही कारण मांडता येतं का, आणि निवड सांगता येते का. या चारांतली दुसरी पायरी सर्वांत अवघड, आणि तुमच्या रुग्णाचं कोडं बहुधा तिथेच असेल. दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा. एक माणूस म्हणतो, ‘हा रंग औषधाने जाईल, दोन आठवड्यांत मी चालायला लागेन.’ दुसरा म्हणतो, ‘हा पाय परत येणार नाही हे मला कळलंय. विष चढलं तर जीव जाईल हेही कळलंय. तरी नको.’ दोघांचा शब्द एकच, नकार. पण पहिल्याने वस्तुस्थितीच नाकारली आहे आणि दुसऱ्याने तुमचा सल्ला नाकारला आहे. पहिल्याला अजून माहिती, अजून वेळ आणि कधी कधी प्रत्यक्ष जखम दाखवण्याची गरज असते. दुसऱ्याच्या नकाराला तुम्ही हात लावू शकत नाही, मग तो तुम्हाला कितीही अविचारी वाटो. निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून माणूस निर्णयाला असमर्थ ठरत नाही. इंग्लंडच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यात हे तत्त्व थेट लिहूनच ठेवलेलं आहे.

अगदी अशाच पायाचा एक निकाल आहे, तो सरांनाही सांगा. ब्रॉडमूर या इंग्लंडमधल्या कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात ६८ वर्षांचा एक रुग्ण होता. निकालात त्याचं नाव केवळ ‘सी’ असं आहे. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता, आणि आपण जगप्रसिद्ध डॉक्टर आहोत अशी त्याची चुकीची पण ठाम समजूत होती. पायाला गँगरीन झालं. गुडघ्याखालून पाय काढला नाही तर जगण्याची शक्यता १५ टक्के, असा सर्जनचा अंदाज होता. तो म्हणाला, एका पायाने जगण्यापेक्षा दोन पायांनी मरेन. मेलेला भाग साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया मात्र त्याने करू दिली, आणि तेवढ्याने तातडीचा धोका टळला. पुढेही आपल्या लेखी संमतीशिवाय पाय काढू नये, असा मनाई हुकूम त्याला हवा होता. न्यायालयाने तो दिला. निकाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. आजार असला, अशी चुकीची समजूत असली, तरी या विशिष्ट उपचाराबद्दल त्याला कळतं का, पटतं का, तोलता येतं का, एवढंच न्यायाधीशांनी तपासलं.

या निकालातून ‘बघा, पाय वाचला, रुग्ण बरोबर निघाला’ असा अर्थ काढू नका. १५ टक्क्यांत एखादा येतोच, त्याने सर्जन चूक ठरत नाही. तो मेला असता तरी निकाल बरोबरच राहिला असता. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: मोठी शस्त्रक्रिया नाकारणाऱ्याने छोटी स्वीकारली, आणि ती त्याला देऊ करणारं कोणीतरी होतं.

तुमच्या वॉर्डात ती देऊ केली गेली आहे का? ‘पाय काढा नाहीतर मरा’ असे दोनच दरवाजे दाखवले असतील, तर ती माहिती अपुरी आहे. तळव्यात पू साठला असेल तर प्रतिजैविकं तिथपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. पण पू वाहता करून मेलेला भाग काढणं ही वेगळी शस्त्रक्रिया आहे आणि तिची संमती वेगळी मागता येते. फक्त बोटं, किंवा बोटांसह पावलाचा पुढचा भाग काढून भागेल का? ते ठरतं रक्तपुरवठ्यावर. रक्तवाहिन्यांच्या सर्जनने पाय पाहिला आहे का, डॉपलर झाला आहे का, अँजिओप्लास्टीने काही होण्यासारखं आहे का? इथे एक सापळा आहे. जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साठतो, त्या दाबल्या जात नाहीत, आणि घोट्याजवळ मोजलेला दाब खोटाच चांगला येतो. अंगठा शाबूत असेल तर त्याच्यातला दाब जास्त भरवशाचा. हे सगळं बघून युनिटचा सल्ला कदाचित तोच राहील. पण मग ‘आम्ही हे हे पाहिलं, म्हणून म्हणतो’ असं तुम्हाला सांगता येईल, आणि त्याने ऐकणाऱ्याला फरक पडतो.

मग प्रत्यक्ष बोलणं. ‘का नको?’ असं विचारलंत तर माणूस बचावाला उभा राहतो. त्यापेक्षा ‘पाय काढल्यावरचं आयुष्य तुमच्या डोळ्यांसमोर कसं येतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. समजा, बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘माझ्या थोरल्या भावाचा आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग मांडीतून पाय, आणि सहा महिन्यांत तो गेला. मला तसं तुकड्या-तुकड्यांनी जायचं नाही.’ आता तुमच्यापुढे नुसता हट्ट नाही, एक अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. मधुमेहात पायाचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोक पाच वर्षांत दगावतात, कारण जो आजार पायाच्या धमन्यांत असतो तो हृदयाच्याही धमन्यांत असतो. हे तुम्ही लपवू नये. पण भावाच्या गोष्टीत जी माहिती नाही ती द्यावी. गुडघा राखला तर कृत्रिम पायावर चालायला मांडीतून कापलेल्या पायापेक्षा बरेच कमी कष्ट पडतात. आत्ता थांबलो आणि संसर्ग वर सरकला, तर पुढे गुडघा राखता येईलच असं नाही. म्हणजे ज्या तुकड्या-तुकड्यांना ते भितात त्यांची शक्यता थांबण्यानेही वाढते. जखम भरायला आणि कृत्रिम पाय बसवायला काही आठवडे ते महिने जातात. नसलेला पाय दुखल्यासारखा वाटणं बऱ्याच जणांना होतं, हेही सांगा.

शक्यता सांगताना दोन्ही बाजूंनी सांगा. ‘तुमच्यासारख्या दहांपैकी इतके जातात’ म्हणालात तर ‘इतके राहतात’ हेही म्हणा. आकडा युनिटचा अंदाज असेल तर अंदाज आहे असंच सांगा. मग त्यांच्याच शब्दांत विचारा: ‘मी नीट सांगितलं का बघायचंय, घरी गेल्यावर मुलाला हे कसं सांगाल?’ या एका प्रश्नाने समज कुठे तुटली ते जेवढं कळतं तेवढं ‘समजलं ना?’ विचारून कधीच कळत नाही. ‘समजलं ना’ला सगळे मान हलवतात.

दुसरीही उत्तरं येऊ शकतात. कुणाला भुलीची भीती असते, कुणाला खर्चाची, कुणाला मुलावर ओझं होण्याची. प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे आणि काहींवर उपायही आहे. ‘मेलो तरी चालेल’ यामागे नैराश्य आहे का, हे झोप, भूक, आधीचे महिने विचारून बघा. शंका वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा. पण नैराश्य असलं म्हणजे क्षमता गेलीच असं नाही. आणि प्रत्येक नकाराला मानसोपचारतज्ज्ञ बोलावणं हा तर रुग्णाचा अपमान आहे, असं माझं मत आहे.

त्यांना पटवायचा प्रयत्न तुम्ही जरूर करा. ‘माझ्या वडिलांना मी हेच सांगितलं असतं’ असं मनापासून म्हणता येत असेल तर म्हणा. सल्ला देताना तटस्थ राहायची सक्ती तुमच्यावर नाही. पण ‘मग इथे राहून उपयोग नाही’, ‘मग इंजेक्शनं बंद करतो’ ही धमकी झाली. सरांच्या डिस्चार्जमध्ये नेमकी तीच लपलेली आहे. या माणसाने एक शस्त्रक्रिया नाकारली आहे. प्रतिजैविकं, इन्शुलिन, ड्रेसिंग, वेदनाशामक यांना त्यांनी होच म्हटलेलं आहे आणि त्यासाठी ते तुमचे रुग्ण आहेत.

एक प्रश्न मात्र उद्यावर टाकू नका. संसर्ग वाढून ते बेशुद्ध झाले तर? त्या क्षणी मुलगा तिथे उभा असेल, तोच कागद पुढे करेल, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला काही माहीत नसेल. निकडीच्या वेळी संमतीशिवाय जीव वाचवण्याची मुभा असते ती रुग्णाची इच्छा कळायला मार्ग नसतो म्हणून. इथे तो मार्ग आत्ता आहे. तेव्हा ते नीट शुद्धीत असताना सरळ विचारा: ‘तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल आणि जीव वाचवायला पाय काढावा लागेल असं दिसलं, तर तुमचं म्हणणं काय?’ काही जण इथे थबकतात आणि म्हणतात, ‘तेव्हा करा.’ काही म्हणतात, ‘तेव्हाही नको.’ दोन्ही उत्तरं लिहून ठेवायची आहेत. असं आगाऊ म्हणणं कोणत्या स्वरूपात लिहावं, साक्षीदार किती, नातेवाइकांचं स्थान काय, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. आजच रुग्णालयाच्या कायदा सल्लागारांना किंवा नीतिसमितीला विचारा.

केस पेपरवर ‘रुग्णाने नकार दिला, धोके समजावले’ या एका ओळीला किंमत नाही. तारीख-वेळ, कोण हजर होतं, लक्ष कसं तपासलं आणि काय दिसलं, कोणते पर्याय सांगितले, न केल्यास काय होईल म्हणून सांगितलं, आणि त्यांनी दिलेलं कारण त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. काय स्वीकारलं ते नकाराइतकंच ठळक लिहा. मग पुन्हा कधी विचारणार तेही लिहा, कारण नकार कधीही मागे घेता येतो आणि ते दार उघडं असल्याचं त्यांना दिसायला हवं. दर राऊंडला मात्र विचारू नका, त्याने माणूस विटतो. ताप चढला, लाली आखलेल्या रेषेच्या वर गेली, नाडी वाढली, लघवी कमी झाली, क्ष-किरणात ऊतींमध्ये वायू दिसला, असा काही बदल झाला की परिस्थिती बदलली म्हणून विचारायचं. लालीच्या कडेने ही रेषा आजच पेनने आखा, वेळेसकट.

मुलाशी बोलायला वडिलांची परवानगी घ्या. ती मिळाली की ‘सही चालणार नाही’ एवढं सांगून त्याला वाटेला लावू नका. तो घाबरलेला आहे, आणि वडील कसे विचार करतात हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे. थोरल्या भावासारखी एखादी गोष्ट असेल तर ती कदाचित त्याच्याकडूनच आधी कळेल. वडिलांनी मत बदललं तर ते बहुतेक त्याच्याशी बोलूनच बदलेल, आणि नाही बदललं तर पुढचं सगळं त्यालाच करायचं आहे.

सरांकडे जाताना नीतिशास्त्र घेऊन जाऊ नका, योजना घेऊन जा: रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत, पू वाहता करण्याची वेगळी संमती, रेषा, पुन्हा विचारण्याची वेळ. आणि इतकं होऊनही ते गृहस्थ घरीच जातो म्हणाले, तर सल्ल्याविरुद्धच्या डिस्चार्जच्या कागदासोबत प्रतिजैविकांची चिठ्ठी, इन्शुलिनचा तक्ता, ड्रेसिंग कोण करणार त्याची सोय, कोणती लक्षणं दिसली की रात्रीही परत यायचं ते मोठ्या अक्षरांत, आणि पुरेसं वेदनाशामक द्या. गँगरीनचं दुखणं साध्या गोळीने थांबत नाही, म्हणून वेदना-उपशमन विभागाला निघण्याआधीच दाखवून घ्या.